बर्नर लख्ख झाला तरी आच पिवळीच? मग खालची ट्यूब बघा

प्रश्न: आमची तीन बर्नरची काचेची शेगडी आहे, चार वर्षं झाली. महिनाभरापासून डावीकडचा बर्नर पिवळा जळतोय आणि कुकरच्या बुडाला काळं धरतंय. पितळी बर्नर दोनदा लिंबू-सोड्यात भिजवून लख्ख केला, भोकं पिनने साफ केली, काही फरक नाही. बाकीचे दोन बर्नर निळे आहेत. शेजारच्या काकू म्हणतात सिलिंडरच खराब आलाय, बदलून घे. काय करू?

उत्तर: ताई, सिलिंडर बदलायला जाऊ नका. तिन्ही बर्नरना गॅस एकाच सिलिंडरमधून, एकाच रेग्युलेटरमधून, एकाच पाइपमधून येतो, तो खराब असता तर तिन्ही पिवळे जळले असते. तुमचा एकच जळतोय म्हणजे दोष त्या बर्नरच्या नॉबपासून वरच्या पितळी टोपीपर्यंतच्या वीतभर जागेत आहे. मी शेगड्या दुरुस्तीचं काम नाशिकला २२ वर्षं करतोय आणि हा एक प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं, एक बर्नर की सगळे? लोक आधी सिलिंडर बदलतात, मग रेग्युलेटर, मग पाइप, आणि सगळं झाल्यावर शेगडी उचलून माझ्याकडे आणतात.

आता आच पिवळी का होते ते आधी सांगतो, कारण ते कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. नॉबच्या पुढे पितळेचा एक छोटा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात, त्याला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. गॅस त्या भोकातून जोरात बाहेर पडतो आणि समोरच्या जाड नळीत शिरतो, ती मिक्सिंग ट्यूब, आम्ही नुसतं ट्यूब म्हणतो. जेट आणि ट्यूबचं तोंड यांच्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, गॅस जोरात जाताना तिथली हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, धावत्या एसटीमागे धूळ ओढली जाते ना तसं. ट्यूबमध्ये दोन्ही मिसळतात, मग टोपीच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात, आणि उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. आपल्या सिलिंडरमधल्या एक भाग गॅसला पुरतं जळायला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. म्हणजे शेगडीत गॅसपेक्षा हवेचाच कारभार मोठा आहे. ही हवा ट्यूबमध्येच कमी पडली की गॅसमधला कार्बन नीट जळत नाही, त्याचे बारीक कण तापून पिवळे चमकतात. कंदिलाची किंवा चिमणीची ज्योत पिवळी असते ती ह्याच कारणाने, तिथे आपल्याला उजेड हवा असतो म्हणून ते चालतं. शेगडीवर तेच कण थंड कुकरला टेकले की बुडाला चिकटतात, ती तुमची काजळी.

म्हणजे पिवळी आच दिसली की गॅस कुठे अडला हे शोधायचं नाही, हवा कुठे अडली ते शोधायचं. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. नुसता गॅस अडला, म्हणजे जेटमध्ये कचरा आला, तर आच बहुतेक वेळा बारीक होते पण निळीच राहते. अशी बारीक निळी आच आणि तुमची पिवळी आच हे दोन वेगळे आजार आहेत, औषध पण वेगळं.

तुम्ही टोपी साफ केलीत ते चांगलंच केलं, ती पण एक जागा आहे. टोपीची भोकं बुजली की मिश्रणाला बाहेर पडायला वाट राहत नाही, ट्यूबमध्ये ते तुंबतं, आणि तुंबलं की जेटच्या तोंडाशी हवा आत ओढली जात नाही. म्हणून टोपी घाण असली तरी आच पिवळी होते. पण दोन गोष्टी सांगतो. लिंबू आणि सोडा एकत्र घातला की फेस येतो, बघायला बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारतात, खाली उरतं ते जवळपास साधं पाणी. लिंबाने पितळेचा काळेपणा जातो, तेलकट चिकटा जात नाही, त्याला कडक पाणी आणि भांड्याचा साबणच लागतो, अर्धा-पाऊण तास भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. आणि बाहेरून लख्ख म्हणजे आतून मोकळं असं नसतं. टोपी वाळल्यावर ट्यूबलाइटसमोर धरा आणि फिरवत प्रत्येक भोकातून उजेड दिसतो का बघा, जिथे दिसत नाही तिथे बारीक तार घाला. पिन चालते, पण नुसती घालून काढायची, गोल गोल फिरवायची नाही, भोकं मोठी झाली की ज्योत आत खेचली जाते आणि बंद करताना फट्ट आवाज येतो.

पाणी राहिलं तरी आच एका बाजूने पिवळी आणि उड्या मारत जळते. धुऊन लगेच लावली आणि आता तर आणखीच बिघडलं असा फोन मला आठवड्यातून एकदा येतोच. टोपी झटका, पुसा, रात्रभर राहू द्या. आणि परत ठेवताना ती खाचेत नीट बसली का, डुगडुगत तर नाही ना, हे बोटाने दाबून बघा. कधी कधी सगळा आजार तेवढाच असतो.

आता तुमच्याकडे तीन बर्नर आहेत त्याचा फायदा घ्या. तीनपैकी दोन टोप्या एका मापाच्या असल्या, बऱ्याच शेगड्यांत असतात, तर शेगडी थंड असताना त्यांची अदलाबदल करा आणि पेटवून बघा. पिवळेपणा टोपीबरोबर दुसऱ्या बर्नरवर गेला तर टोपी दोषी. टोपी बदलूनही डावीकडेच पिवळा राहिला तर दोष खाली, ट्यूबमध्ये किंवा जेटमध्ये. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. माप वेगळं असेल तर मात्र जबरदस्तीने बसवू नका. तुम्ही दोनदा टोपी साफ करून फरक नाही म्हणताय, त्यावरून माझा अंदाज खालचाच आहे, आणि त्यातही आधी ट्यूब.

ट्यूबमध्ये काय काय निघतं विचारू नका. कोळिष्टकं निघतात, विशेषतः घर महिनाभर बंद असलं की. झुरळाची पिल्लं निघतात. टोपी धुवायला काढली आणि उघडी ट्यूब तशीच ठेवून ओटा पुसला की त्यात भाताची शितं, जिऱ्याचे दाणे, काडेपेटीच्या काड्या जातात. पण सगळ्यात जास्त निघतं ते दूध. उतू गेलेलं दूध टोपीतून खाली ट्यूबमध्ये उतरतं, बर्नरच्या उष्णतेने तिथेच करपतं, पुढच्या आठवड्यात त्यावर दुसरा थर. वरून काहीच दिसत नाही, वर तर तुम्ही लख्ख केलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यातली एक शेगडी सांगतो, अगदी तुमच्यासारखीच केस. घरात रोज तीन लिटर दूध तापायचं, दोन बर्नरची स्टीलची शेगडी, उजवा पिवळा. माझ्याआधी एक जण येऊन काहीतरी करून गेला होता, त्याने दोन दिवस बरं वाटलं आणि मग आधीपेक्षा जास्त काळं धरायला लागलं. मी आधी दोन्ही बर्नर पेटवून शेजारी शेजारी बघितले, डावा निळा आणि शांत, उजव्याची आच लांब, वर पिवळी, टोकं हलत होती. टोप्या बदलल्या, पिवळा उजवीकडेच राहिला. मग रेग्युलेटर बंद, पाइप काढला, शेगडी उलटी केली, ट्यूबचा एक स्क्रू असतो तो काढून ट्यूब बाहेर घेतली. आत टॉर्च मारला तर जिथे ट्यूब वर वळते तिथे करपलेल्या दुधाची काळी खपली, निम्मी वाट बंद. कडक पाण्यात साबण घालून तासभर ठेवली, बाटली धुवायच्या ब्रशने खरवडली, तारेला फडकं गुंडाळून आरपार ओढलं, दुसऱ्या बाजूने उजेड गोल दिसेपर्यंत. पावसाचे दिवस, ऊन नाही, म्हणून पंख्याखाली वाळवली. लावून पेटवली तर खालचा भाग छान निळा झाला, पण टोकं अजून पिवळीच, आणि आच डाव्यापेक्षा उंच. दोन्ही टोप्या एका मापाच्या, दोन्ही नॉब पूर्ण उघडे, मग एक आच उंच का? म्हणजे इथे गॅस जास्त येतोय. दोन्ही जेट काढून उजेडात धरले. डाव्याचं भोक गोल, उजव्याचं लांबट. आधीच्या माणसाने सुई घालून फिरवली होती. त्याच मापाचा नवा जेट बसवला, आच खाली आली आणि टोकापर्यंत निळी झाली. म्हणजे मूळ आजार दुधाचा, आणि उपचाराने दुसरा आजार लावून ठेवलेला.

ही सुईची सवय रॉकेलच्या स्टोव्हवरून आलीय. ज्यांच्या घरी तो होता त्यांना आठवेल, पंप मारायचा, अडला की पत्र्याच्या पट्टीला लावलेली पिन घालायची आणि स्टोव्ह परत गुरगुरायला लागायचा. ती पिन त्या निपलच्या मापाचीच मिळायची. गॅसच्या जेटला आपण शिवणाची सुई घालतो, पितळ मऊ असतं, भोक लगेच वाढतं. समजा भोक ०.६ मिलिमीटरचं आहे आणि ते ०.७ झालं, डोळ्याला फरक कळणारसुद्धा नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं आणि गॅसही साधारण तेवढाच जास्त येतो. हवा त्या मानाने वाढत नाही. मग आच मोठी, पिवळी, सिलिंडर लवकर संपतो, आणि घरातले म्हणतात सिलिंडरमध्ये गॅस कमी भरून देतात.

तेव्हा तुमच्या शेगडीला असं करा. आधी रेग्युलेटरचा नॉब बंद करा, मग पेटलेली आच असेल ती आपोआप विझू द्या म्हणजे पाइपमधला गॅस संपतो, मग शेगडीचे नॉब बंद. शेगडी पूर्ण गार होऊ द्या, काच तापलेली असताना त्यावर गार पाणी किंवा ओलं फडकं टाकू नका. टोपी उचला आणि मोबाइलच्या टॉर्चने ट्यूबमध्ये बघा. बऱ्याच वेळा वरूनच खपली किंवा कोळिष्टक दिसतं आणि बाटलीच्या कोरड्या ब्रशने, नाहीतर लांब चिमट्याने निघतं. निघालं तर टोपी लावा, पेटवून बघा, तिथेच विषय संपला.

वरून दिसत नसेल तर ट्यूब काढावी लागते. त्यासाठी शेगडी पाइपपासून सोडवा, चादरीच्या चार घड्या घालून त्यावर दोघांनी मिळून उलटी करा, काच जड असते आणि कोपऱ्यावर टेकली तर जाते. उघडायच्या आधी खालच्या बाजूचा फोटो काढा, लावताना कोणता स्क्रू कुठला हे आठवत नाही. प्रत्येक बर्नरची ट्यूब वेगळी, सरमिसळ करू नका. धुताना साबण आणि कडक पाणी एवढंच. ड्रेन साफ करायची ती जळजळीत पावडर कुणी सुचवेल, नको, ट्यूब ॲल्युमिनियमची असेल तर ती पावडर धातूच खाते. बिडाची असेल तर ओली ठेवू नका, आतून गंजते आणि गंजाचे पापुद्रे परत वाट अडवतात. ट्यूब बाहेर आहे तोवर तिच्या तोंडाशी जिथून हवा आत जाते ती जागा बघा, तिथेही तेलकट धुळीचा बोळा बसलेला असतो. काही मॉडेलना तिथे हवेची सरकती पट्टी असते, साफसफाईत तिला धक्का लागून ती बंदच्या बाजूला सरकलेली असू शकते. थोडी उघडून बघा, पण फार नको, हवा जास्त झाली की ज्योत भोकांपासून सुटून वर तरंगते आणि फुसफुस आवाज करते.

ट्यूब परत लावताना ती जेटच्या बरोबर समोर, सरळ रेषेत आली पाहिजे. वाकडी बसली की गॅस भिंतीवर आपटतो, हवा कमी ओढली जाते आणि सगळं साफ असूनही आच पिवळी. हे माझ्याकडूनही सुरुवातीच्या वर्षांत झालंय, गिऱ्हाइकाकडे दोनदा जावं लागलं. शेवटी पाइप परत लावून रेग्युलेटर सुरू करा आणि पाइपच्या सांध्याला साबणाचा फेस लावा, बुडबुडे फुगले तर गळतंय. काडी पेटवून गळती बघू नका. गॅसचा वास घरात भरला असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू पण नाही आणि बंद पण नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

जेटला मात्र तुम्ही हात लावू नका. ट्यूब साफ झाल्यावरही आच पिवळी आणि शेजारच्या त्याच मापाच्या बर्नरपेक्षा उंच असेल तर जेट वाढलाय, एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा, आणि तुमच्यासमोर जुना जेट काढून त्याच मापाचा नवा लावायला सांगा. बऱ्याच जेटवर मापाचा आकडा कोरलेला असतो. जेट ही महाग वस्तू नाही. तो खिशातून सुई काढायला लागला तर चहा पाजून परत पाठवा.

सगळेच बर्नर पिवळे जळत असतील तर गोष्ट वेगळी, तीही थोडक्यात सांगतो कारण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. सिलिंडर संपत आला की शेवटचा एक-दोन दिवस आच पिवळसर होते, तळाला जड भाग उरतो म्हणून, नवा लावला की जाते. दुसरं, पुण्या-मुंबईत पाइपच्या गॅसवर चालणारी शेगडी गावाला नेऊन सिलिंडरला जोडली की आच हातभर वर जाते. पाइपच्या गॅससाठी जेटची भोकं मोठी असतात, सिलिंडरच्या गॅसला ती फार होतात, जेट बदलल्याशिवाय ती शेगडी वापरायचीच नाही. आणि आचेत मध्येच केशरी ठिणग्या चमकल्या, म्हणजे पोळ्या लाटताना पीठ उडालं किंवा मिठाचं पाणी उकळून सांडलं, तर तो दोष नाही, दोन मिनिटांत जातं. कायम पिवळं आणि भांडं काळं, हे दोन्ही एकत्र असेल तरच शेगडी उघडा.

बर्नर आणि भांडं यांच्यामधलं पण बघा. ओट्यावर दूध सांडू नये म्हणून बर्नरभोवती ॲल्युमिनियम फॉइल दाबून बसवतात, बाजारात मिळणाऱ्या गॅस वाचवायच्या जाळ्या, रिंगा ठेवतात. ज्योतीला बाजूने जी उरलेली हवा लागते ती त्याने अडते. माझ्याकडे दोन शेगड्या अशा आल्यात ज्यांच्यात काहीही बिघाड नव्हता, रिंग काढली आणि आच निळी झाली.

दुरुस्ती होईपर्यंत तो बर्नर वापरू नका असंच मी सांगेन, दोन बर्नरवर चार दिवस निघतात. भांडं काळं होतं ते घासता येतं, पण जिथे काजळी होते तिथे कार्बन मोनॉक्साइडही होऊ शकतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात खिडक्या लावून तासभर डाळ-कुकर-पोळ्या चालल्यात आणि डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि गॅलरीत गेल्यावर बरं वाटलं, तर ॲसिडिटी समजून सोडून देऊ नका. शेगडी बंद करा, सगळ्यांना बाहेर घ्या, दारं-खिडक्या उघडा, आणि कुणाला गुंगी आली असेल तर सरळ दवाखाना गाठा. गॅसगळतीचा अलार्म घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो न जळलेल्या गॅसवर वाजतो, कार्बन मोनॉक्साइडसाठी अलार्म वेगळा असतो. साफसफाईनंतरही स्वयंपाक चालू असताना एक खिडकी उघडी राहू द्या, आच निळी असली तरी.

सगळं लावून झालं की एक स्टीलचा स्वच्छ डाव घ्या, आचेच्या टोकाला पाच-सहा सेकंद धरा, जरा गार झाला की पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं पांढरं राहिलं तर काम झालं. काळं आलं तर परत खाली जायचं, आणि त्या वेळी टोपी घासत बसू नका, ती तुम्ही दोनदा घासलीय.